नरम पाकाचा संदेश: छेना आचेवर किती ठेवायचा आणि साच्यातून अखंड कसा काढायचा

घरी केलेला संदेश, म्हणजे नासवलेल्या दुधाच्या छेन्याची बंगाली मिठाई, दोन ठिकाणी हटकून बिघडतो. एक तर तो जिभेवर विरघळण्याऐवजी रवाळ लागतो, नाही तर साच्यातून काढताना त्याच्या कडा तडकतात. या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: छेन्यातलं पाणी नको तितकं गेलेलं असतं. हे पाणी कधी कढईत जातं, कधी त्याच्याही आधी दूध नासवताना, कधी पुरचुंडीवर वजन ठेवल्यामुळे. म्हणून संदेश करताना साखर, वेलची, केशर यांच्याआधी विचार करायचा तो पाण्याचा. आच द्यायची ती छेना ‘शिजवण्यासाठी’ नाही, तो दूध फाटलं तेव्हाच तयार झालेला असतो. आच हवी ती साखर विरघळवून ठरावीक पाणी हळूहळू उडवण्यासाठी, आणि ते उडालं की तिथेच थांबायचं.

बंगालमध्ये हे थांबणं हीच संदेशाची जात ठरवतं. आच जेमतेम दाखवून वळलेला तो कांचागोल्ला, ओलसरपणा राखून उतरवलेला तो नरम पाक, आणि बरंच पाणी आटवून घट्ट केलेला तो कडा पाक. कडा पाक प्रवासात टिकतो, साच्याची नक्षी त्यावर स्वच्छ उठते. नरम पाक एक-दोन दिवसांचाच, पण जिभेवर ठेवल्याबरोबर विरघळतो तो हाच. उत्तर कोलकात्यात 1844 पासून चालत आलेलं गिरीशचंद्र दे आणि नकूरचंद्र नंदी यांचं दुकान आहे. संदेशासाठीच ते ओळखलं जातं, आणि तिथेही गिऱ्हाईक नरम की कडा हे सांगूनच मिठाई घेतं. इथे मी नरम पाकाचीच कृती सांगणार आहे, साच्यात घालण्याइतपत अंग धरणाऱ्या नरम पाकाची.

दूध कोणतं

दूध गायीचं हवं, ताजं आणि साय न काढलेलं. गायीच्या दुधाचा छेना मऊ येतो आणि मळल्यावर एकजीव होतो. म्हशीच्या दुधात कॅल्शियम जास्त, प्रथिनंही जास्त, त्यामुळे त्याची दही-गाठ कठीण आणि कणीदार बनते. आपल्याकडे पिशवीतलं ‘फुल क्रीम’ दूध बहुधा म्हशीचं किंवा मिश्र असतं. खवा आणि बासुंदीला ते उत्तम, पण संदेशाला नको. ‘गायीचं दूध’ असं स्पष्ट लिहिलेली पिशवी घ्यावी. मिश्र किंवा म्हशीचंच दूध मिळत असेल तर एक लिटरमागे पाव लिटर पाणी घालून ते तापवावं आणि जरा कमी तापमानाला, सत्तरच्या आसपास नासवावं. छेना पुष्कळ मऊ येतो, तरी गायीच्या दुधाची सर येत नाही. महिनोन्‌महिने टिकणारं खोक्यातलं दूध अजिबात घेऊ नये. फार उच्च तापमानातून गेल्यामुळे ते नीट फाटत नाही, आणि फाटलं तरी हाती चिखल लागतो.

मी पुढचं सगळं दोन लिटर दुधाच्या हिशेबाने सांगते. दोन लिटर गायीच्या दुधाचा निथळलेला छेना साधारण 320 ते 350 ग्रॅम भरतो. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा वजनकाटा मात्र हवाच. संदेशात वाटी-चमच्याच्या मापापेक्षा काटाच जास्त उपयोगी पडतो, का ते कढईपाशी आल्यावर कळेल.

दूध नासवताना

दूध मध्यम आचेवर, तळाशी लागू न देता उकळी येईपर्यंत तापवायचं आणि गॅस बंद करायचा. आता लगेच आंबट घालायचं नाही. उकळत्या दुधात आंबट पडलं की प्रथिनांच्या गाठी एकदम आवळतात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि छेना रबरासारखा ताठ होतो. पाच-सहा मिनिटं दूध ढवळत राहावं, म्हणजे साय धरत नाही आणि तापमान 80 अंशांच्या आसपास उतरतं. थर्मामीटर असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर वाफ जोरात उसळणं थांबून संथपणे वर येऊ लागली की वेळ झाली असं समजावं.

नासवण्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, सगळ्यात भरवशाचं. कारण त्याचं माप ठेवता येतं. दोन लिटरला साडेचार ग्रॅम लिंबूसत्त्व साडेचारशे मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवावं. हे द्रावण मुद्दाम इतकं पातळ ठेवायचं. तीव्र आंबट जिथे पडतं तिथे लगेच कठीण गाठ धरतं आणि उरलेलं दूध तसंच राहतं, पातळ आंबट मात्र सगळीकडे सारखं पसरतं. बंगालचे मोयरे, म्हणजे तिथले हलवाई, आदल्या दिवशीची आंबलेली निवळी, म्हणजे छेन्यातून निथळलेलं पाणीच वापरतात. तीही सौम्य असल्यामुळे छेना फार मऊ देते. पनीर किंवा छेना घरी नेहमी होत असेल तर एक बाटली निवळी झाकून आंबवून ठेवावी आणि पुढच्या खेपेला वापरावी. लिंबाचा रस चालतो, पण लिंबा-लिंबाचा आंबटपणा वेगळा असतो आणि त्याचा वास संदेशात मागे राहतो.

द्रावण बारीक धारेने घालत, उलथण्याने अगदी सावकाश, एकाच दिशेने ढवळायचं. जोरात घुसळलं तर गाठीचा चुरा होतो आणि बारीक कण फडक्यातून निसटतात. मिनिट-दीड मिनिटात दूध फाटून हिरवट-पिवळी, पारदर्शक निवळी वेगळी दिसू लागेल. ती दिसली की द्रावण उरलेलं असलं तरी घालणं थांबवायचं. जास्तीच्या आंबटाने छेना कडक होतो आणि चव बिघडते. निवळी दुधाळच दिसत असेल तर आणखी दोन-तीन चमचे द्रावण घालून अर्धा मिनिट थांबावं. तरीही दुधाळच राहिली तर बहुतेक दूध जास्त निवलेलं असतं. मंद आचेवर किंचित तापवलं की फाटतं.

आता पातेल्यात दोन कप गार पाणी ओतायचं, म्हणजे गाठी आणखी आवळायच्या थांबतात. तीन-चार मिनिटं तसंच ठेवून मग गाळायचं. गाळण्याची फार घाई केली तर छेना जरा कोरडा येतो, थोडा वेळ निवळीत राहिला तर ओल धरून ठेवतो. चाळणीवर ओलं करून पिळलेलं मलमलचं फडकं पसरून त्यात छेना ओतावा आणि वरून एकदा गार पाणी फिरवावं, आंबटपणा निघून जाईल.

फडक्याची पुरचुंडी नळाला किंवा खुंटीला पाऊण तास ते तासभर टांगायची. हाताने हलकेच एकदा दाबायची, पिळायची नाही. वर वरवंटा, पाण्याचं भांडं असलं काही ठेवायचं नाही. वजन ठेवून होतं ते पनीर. पनीरला काप पडायला हवे असतात, छेन्याला नाही. पाऊण तासाने चिमूटभर छेना दोन बोटांत दाबून पाहावा. बोटांना ओल लागली पाहिजे, पण थेंब सुटता कामा नये. थेंब सुटला तर अजून पंधरा मिनिटं टांगावा. उलट चिमूट दाबल्यावर भुगा होत असेल तर पाणी जास्त गेलं आहे, तेव्हा मळताना चमचाभर कोमट दूध मुरवावं.

छेना झाला की शक्यतो दोन-तीन तासांच्या आत वापरावा. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेला छेना कडेने कोरडा पडतो, त्यातलं स्निग्ध गोठतं, आणि नंतर कितीही मळला तरी कणी पूर्ण मोडत नाही. संदेशाला ताजा छेना लागतो तो याच कारणाने.

पहिली मळणी

बंगालात छेना मळायला बारकोश वापरतात, पसरट लाकडी थाळा. आपल्याकडे मोठी परात चालते. छेना परातीत घेऊन तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने थोडा-थोडा पुढे रगडत न्यायचा, गोळा करायचा, पुन्हा रगडायचा. बोटांनी कुस्करण्याचा उपयोग नाही, बोटांमधून कणी निसटतात. सहा ते आठ मिनिटांत छेना गुळगुळीत होतो. अंगठ्याखाली थोडा पसरून पाहिला तर कण लागत नाही, आणि तळव्याला स्निग्धतेची जेमतेम चाहूल लागते. इथे थांबायचं. तळवा तुपकट चकाकू लागेपर्यंत मळलं तर स्निग्ध सुटून बाहेर येतं, आणि असा छेना कढईत तूप सोडून रवाळ होतो.

हात दुखत असतील तर छेना बारीक चाळणीतून घासून काढावा. मिक्सर चालतो, पण थांबत-थांबत दोन-तीन झटकेच द्यावेत. सलग फिरवला तर पात्यांच्या उष्णतेने स्निग्ध सुटतं. या मळणीत राहिलेली कणी कढईत कधीच मोडत नाही, उलट आचेने ती आणखी कठीण होते. शिजवताना ती मोडेल या आशेवर मळणी अर्धी सोडू नये.

कढई आणि काटा

समजा निथळून 330 ग्रॅम छेना मिळाला. त्यातला 30 ग्रॅमचा, लिंबाएवढा गोळा बाजूला काढून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा. याचं काम शेवटी आहे. उरलेल्या 300 ग्रॅममध्ये 90 ग्रॅम घरी दळलेली साखर घालायची. बाजारच्या पिठीसाखरेत बरेचदा स्टार्च मिसळलेला असतो आणि त्याचा पिठूळपणा जिभेला कळतो. साखर छेन्याच्या तीस टक्के झाली. ती थोडी कमी करता येईल, पण पाव भागाच्या खाली जाऊ नये. साखर गोडीसाठी असते तशीच ओल धरून ठेवण्यासाठीही असते. फार कमी साखरेचा संदेश लवकर वाळतो, तडकतो आणि लवकर आंबतो.

कढई जाड बुडाची, पसरट असावी. नॉनस्टिक किंवा कल्हई केलेली पितळी चालेल. लोखंडी नको, छेन्यात थोडा आंबटपणा उरलेला असतो आणि रंग काळवंडतो. रिकामी कढई आणि लाकडी उलथणं एकत्र काट्यावर ठेवून वजन लिहून घ्यायचं. मोयरे ताडू नावाचं लांब लाकडी वल्हं वापरतात. घरी चपट्या तोंडाचं उलथणं पुरतं, कारण तळाचा प्रत्येक भाग खरवडला जायला हवा.

छेना आणि साखर मिळून आता कढईत 390 ग्रॅम आहेत. यातलं साधारण 60 ग्रॅम पाणी उडालं, म्हणजे ऐवज 330 ग्रॅमच्या आसपास आला, की नरम पाक साधला. 335 वर उतरवलेला संदेश फार मऊ, चमच्याने खाण्यासारखा होतो. 320 च्या खाली गेला की तो कडा पाकाकडे झुकतो. ही दहा-पंधरा ग्रॅमची पट्टीच सगळा निकाल ठरवते. अनुभवी मोयऱ्याला ती नजरेने दिसते, आपल्याला काट्यावर वाचता येते. तुमचा छेना माझ्यापेक्षा ओला किंवा कोरडा असेल तर आकडा थोडा सरकेल. म्हणून पहिल्या खेपेला कोणत्या वजनावर उतरवला ते वहीत लिहावं आणि पुढच्या वेळी त्यावरून ठरवावं.

गॅस सगळ्यात बारीक ठेवायचा. त्या बारीक आचेवरही कढई तापत असेल तर खाली तवा घालावा. मिश्रणाचं तापमान 70 ते 75 अंशांच्या मध्ये राहायला हवं. 80 च्या वर गेलं की प्रथिनं पुन्हा आवळू लागतात, आणि दूध नासवताना घेतलेली सगळी काळजी वाया जाते. खूण सोपी आहे. मिश्रणातून वाफ दिसली पाहिजे, पण एकही बुडबुडा ‘फट्’ करून फुटता कामा नये. बुडबुडा आला की कढई लगेच आचेवरून उचलायची, अर्धा मिनिट ढवळायचं आणि परत ठेवायची.

पहिल्या दोन-तीन मिनिटांत साखर विरघळून मिश्रण एकदम सैल होईल, ताज्या श्रीखंडाइतकं. घाबरून आच वाढवायचा मोह इथेच होतो. तसं करू नये, हे पाणी साखरेने छेन्यातून ओढून काढलेलं आहे आणि ते सावकाश उडेल. सतत, तळ खरवडत ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांनी मिश्रण उलथण्यामागे वाट सोडू लागतं आणि ती वाट क्षणभर तशीच राहते. आता कढई काट्यावर ठेवून पाहायची. 350 च्या जवळ आली असेल तर पुढे दर मिनिटाला वजन घ्यायचं. साधारण दहा ते चौदा मिनिटांत मिश्रण कढईच्या कडा सोडतं, उलथण्यावर एकत्र गोळा होतं आणि उलथणं उलटं केलं तर जडपणे, सावकाश सुटतं. चिमूटभर ताटलीत घेऊन, फुंकर घालून निववून वळून पाहावं. बोटांना किंचित चिकटून गोळी झाली पाहिजे.

गोळी वळताना अजिबात चिकटत नसेल, चिमटीत कोरडी वाटत असेल तर दोन मिनिटं आधीच उतरवायला हवं होतं. कढईच्या तळाशी तुपाची चकाकी दिसू लागली, रंग पिवळसर होऊ लागला किंवा दाताखाली किंचित चर्र वाजलं तर प्रथिनं आवळली गेली आहेत. अशा पाकाचा साच्यातला संदेश करण्याचा हट्ट धरू नये. त्यात दूध घालून तो मोकळा करावा आणि खिरीसारखा खावा, चव चांगलीच असते.

330 ला पोचलं की कढईतच ठेवायचं नाही. जाड कढई गॅस बंद केल्यावरही तापलेली राहते आणि पाच मिनिटांत आणखी दहा-बारा ग्रॅम पाणी खाते. मिश्रण लगेच परातीत काढून बोटभर जाडीने पसरायचं. वेलची घालायची तर याच वेळी, आणि चिमूटभरच. नरम पाकात दुधाचा वास पुढे यायला हवा.

कोमट असतानाच दुसरी मळणी

परात ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने झाकावी. उघडी ठेवली तर वर पातळ साल धरते, आणि ही साल मळताना आत गेली की तिचे कण जिभेला लागतात. हाताला सुखद कोमट लागेपर्यंत, साधारण 40 अंशांपर्यंत थांबायचं. या तापमानाला फार महत्त्व आहे. छेन्यातलं दुधाचं स्निग्ध या उष्णतेला मऊ, जवळपास वितळलेलं असतं, त्यामुळे गोळा दाबला की वाहतो आणि साच्याच्या नक्षीत शिरतो. पूर्ण गार झाल्यावर हेच स्निग्ध गोठतं आणि गोळा वाकण्याऐवजी फुटतो. तडकणारे बरेचसे संदेश पाक चुकल्यामुळे नाही, तर गार गोळा साच्यात घातल्यामुळे तडकतात. उलट फार गरम असताना घातला तर चिकटतो, आणि बाहेर काढल्यावर बसकण मारतो.

कोमट गोळा तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने दोन-तीन मिनिटं पुन्हा रगडायचा. आता सुरुवातीला बाजूला ठेवलेल्या छेन्याकडे वळायचं. मळलेल्या गोळ्यातून एक छोटी गोळी वळून अंगठ्याने मधोमध दाबावी आणि कडा पाहाव्यात. कडा गोल, अखंड राहिल्या तर मिश्रण साच्याला तयार आहे. कडेला केसासारख्या भेगा पडल्या तर त्या 30 ग्रॅममधला निम्मा छेना गोळ्यात रगडून घालावा आणि पुन्हा दाबून पाहावं, लागला तर उरलेलाही घालावा. भेगांवर हा उतारा दुधापेक्षा चांगला. दूध वरवर ओलं करतं आणि गोळा चिकट होतो, कच्चा छेना मात्र ओल आणि बांधणी दोन्ही देतो. काही मोयरे हीच युक्ती मुळातच वापरतात. थोडा छेना साखरेबरोबर आटवून उरलेला शेवटी मिसळतात, म्हणजे संदेश जास्त मऊ राहतो. फक्त तसा संदेश त्याच दिवशी संपवावा, कच्च्या छेन्याची ओल लवकर आंबते.

साचा

बंगाली साचे लाकडाचे, मातीचे किंवा दगडाचे असतात. शंख, मासा, फूल, पान अशा आकृत्या उलट्या कोरलेल्या असतात. आपल्या घरातला पेढ्याचा किंवा छोटा मोदकाचा साचाही चालतो. निवड करता येत असेल तर उथळ, साधारण एक सेंटिमीटर खोल आणि गोलसर कडांचा साचा घ्यावा. तीक्ष्ण कोपरे आणि बारीक खोल रेषा असलेल्या साच्यातून नरम पाक क्वचितच अखंड येतो. तो साचा कडा पाकासाठी राखून ठेवावा.

लाकडी साचा वीस मिनिटं पाण्यात भिजवून पुसून घ्यायचा. कोरडं लाकूड संदेशाच्या पृष्ठभागातली ओल शोषतं, नक्षीची बाजू वाळते आणि तिथेच भेग पडते. पुसल्यावर तुपाचा अगदी पातळ हात द्यायचा आणि कोरड्या फडक्याने जवळपास सगळं तूप पुसून टाकायचं. प्लॅस्टिकच्या साच्याला भिजवणं नको, तुपाचा हात पुरे.

आता गोळ्या. 18 ग्रॅमची एक अशा हिशेबाने 330 ग्रॅमच्या साधारण अठरा गोळ्या होतात. सगळ्या गोळ्या आधी वळून ठेवू नयेत, एकावेळी चार-पाच वळाव्यात आणि बाकी गोळा झाकलेला ठेवावा. प्रत्येक गोळी दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून मग फिरवत गुळगुळीत करायची. पृष्ठभागावर एकही रेघ किंवा घडी राहता कामा नये. कमी पडलं म्हणून वळलेल्या गोळीला वरून तुकडा चिकटवू नये. ती जोडरेषा संदेश बाहेर आला की उघडते. गोळी मोडून पुन्हा मळून वळावी.

हाताला तूप लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे आणि संदेशाच्या भेगांचं ते एक मोठं कारण आहे. तूप लागलेल्या दोन घड्या एकमेकींना कधीच चिकटत नाहीत. बाहेरून गोळी एकसंध दिसते, आत मात्र तुपाचा पापुद्रा राहतो आणि दाबल्यावर तिथूनच उकलते. हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर ठेवावेत. तूप हवं ते फक्त साच्याला.

गोळीची सगळ्यात गुळगुळीत बाजू नक्षीकडे ठेवायची. अंगठ्याने आधी मधोमध दाबायचं, मग मधून कडांकडे सरकायचं. कडांवर आधी दाबलं तर मध्ये हवा अडकते आणि नक्षी अर्धवट उठते. मागची बाजू सपाट करून जादा भाग बोटाने खरवडून काढावा. दहा-पंधरा सेकंद थांबून साचा उलटा धरावा आणि कडेने तळव्यावर हलकेच आपटावा. निघत नसेल तर नख घालून उचकटू नये. संदेशाच्या मागच्या बाजूला त्याच मिश्रणाची चिमूट चिकटवून तिला धरून उचलावं, बहुतेक वेळा निघतो. पहिला संदेश हमखास थोडा चिकटतो, तो मोडून पुन्हा गोळ्यात घालावा. साचा मधून-मधून ओल्या फडक्याने पुसावा, कारण नक्षीत साचलेले कण पुढच्या संदेशाला धरून ठेवतात.

पिस्ते-बदामाचे काप गोळ्यात मिसळू नयेत. प्रत्येक कापाभोवती मिश्रण तुटायला जागा मिळते. काप साच्याच्या तळाशी ठेवून वर गोळी दाबावी, किंवा संदेश बाहेर आल्यावर वर एक टेकवावा.

भेग कुठे पडली ते पाहून कारण ओळखता येतं. दाबतानाच कडेला बारीक बारीक भेगा पडल्या तर मिश्रण कोरडं किंवा गार आहे. आधी दोन मिनिटं तळव्याखाली रगडून ऊब द्यावी, तरी राहिल्या तर राखलेला छेना घालावा. एकच लांब, सरळ भेग असेल तर गोळीत घडी किंवा तूप राहिलं आहे. नक्षीचा एखादा भाग तुटून साच्यातच राहिला तर साचा कोरडा किंवा मळलेला आहे. साच्यातून नीट आलेला संदेश तास-दोन तासांनी वरून तडकला तर पाकाला किंवा साच्याला दोष नाही, तो उघड्यावर पंख्याखाली वाळला आहे. संदेश काढले की लगेच झाकणाच्या डब्यात, एकमेकांना न टेकवता ठेवावेत.

खजुराच्या गुळाचा

थंडीत नोलेन गूर, म्हणजे खजुरी झाडाच्या रसाचा ताजा गूळ मिळतो, आणि मुंबई-पुण्यातल्या बंगाली वस्तूंच्या दुकानांतही तो येतो. त्याचा संदेश करायचा तर साखर 30 ग्रॅमच घ्यावी आणि गूळ 60 ग्रॅम किसून ठेवावा. फक्त साखरेवर छेना आटवायचा. गूळ कढई उतरवल्यानंतर, मिश्रण गरम असतानाच घालून ढवळायचा, आचेवर त्याचा धुरकट सुगंध उडून जातो. आधी कढईत गूळ नसल्यामुळे सुरुवातीचं वजन 330 ग्रॅम असतं. ते 275 ग्रॅमच्या आसपास आलं की उतरवावं, गूळ घातल्यावर 335 होतील. गुळात स्वतःची ओल असते, म्हणून हे मिश्रण साखरेच्या पाकापेक्षा किंचित घट्ट वाटेल तिथे थांबवलं तरी शेवटी मऊच होतं. पातळ, झारीतला गूळ असेल तर 270 पर्यंत आटवावं.

आत पातळ गूळ भरलेला जलभरा संदेश चंदननगरच्या सूर्यकुमार मोदक यांच्या दुकानामुळे प्रसिद्ध झाला. तो मात्र नरम पाकात करू नये. आतल्या पातळ गुळाला तोलून धरायला घट्ट पाकाची भिंत लागते. मऊ मिश्रणात गूळ तासाभरात झिरपतो आणि संदेश तळाशी फुटतो.

नरम पाकाचा संदेश झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. थेट फ्रिजमधून खाल्ला तर आतलं स्निग्ध गोठलेलं असल्यामुळे तो घट्ट आणि किंचित मेणचट लागतो. वाढण्याआधी अर्धा तास डबा बाहेर काढून ठेवावा, झाकण न उघडता. गार डबा लगेच उघडला तर हवेतलं बाष्प संदेशावर जमतं आणि नक्षी ओलसर होऊन पुसट दिसते.